बीप होतो पण बिलात काहीच उमटत नाही: बारकोड स्कॅनरचा इंटरफेस मोड

प्रश्न: आमच्या काउंटरवरचा बारकोड स्कॅनर परवापर्यंत नीट चालत होता. आता ट्रिगर दाबला की लाल लाइट येतो, बीपही होतो, पण बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये एक अक्षर उमटत नाही. केबल काढून लावली, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून बघितला, तिथेही तेच. सॉफ्टवेअरवाले म्हणतात स्कॅनर बदला. खरंच खराब झालाय का?

उत्तर:

बदलायची घाई करू नका. तुम्ही दिलेल्या माहितीत दोन गोष्टी फार कामाच्या आहेत. बीप होतोय, म्हणजे स्कॅनरचा वाचण्याचा भाग शाबूत आहे. आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरही तेच होतंय, म्हणजे दोष कॉम्प्युटरमध्ये नाही, तो स्कॅनरच्या मागे मागे फिरतोय. स्कॅनरसोबत फिरतील अशा गोष्टी दोनच: त्याची केबल आणि त्याच्या आत साठलेली सेटिंग. माझा पहिला संशय सेटिंगवर आहे, त्यातही इंटरफेस मोडवर. अशा तक्रारीत स्कॅनर फेकून नवा घेतलेला मी अनेकदा पाहिलाय, आणि जुना एका बारकोडने पूर्ववत होण्यासारखा होता याचं दर वेळी वाईट वाटलंय.

आधी बीपचा अर्थ समजून घेऊ, कारण सगळा गैरसमज तिथेच होतो. आपल्याला वाटतं बीप झाला म्हणजे आकडा कॉम्प्युटरमध्ये गेला. बहुतेक स्कॅनरमध्ये तो बीप फक्त एवढंच सांगतो की मी रेघा वाचल्या आणि त्यातून अर्थ लागला. तेरा आकडी बारकोडमध्ये शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. आधीच्या बारा आकड्यांवरून तो जुळतो का हे स्कॅनर स्वतःच तपासतो, जुळला की बीप देतो. यात कॉम्प्युटरचा काही संबंध नाही. पुढे तो आकडा कोणत्या वाटेने पाठवायचा हे इंटरफेस मोड ठरवतो. वाट चुकीची असेल तर स्कॅनर इमानदारीने वाचतो, इमानदारीने पाठवतो, आणि बिलिंग सॉफ्टवेअर मात्र दुसऱ्याच दारात वाट बघत बसतं.

वाटा मुख्यतः दोन. पहिली कीबोर्डची. या मोडमध्ये स्कॅनर कॉम्प्युटरला सांगतो की मी एक यूएसबी कीबोर्ड आहे. बारकोड वाचला की तो एकेक आकड्याची की भराभर दाबल्यासारखं करतो आणि शेवटी बहुधा एंटर दाबतो. कर्सर जिथे असेल तिथे आकडा उमटतो. ड्रायव्हर लागत नाही, सॉफ्टवेअरला स्कॅनर जोडलाय हे कळायचीही गरज नाही. बहुतेक बिलिंग सॉफ्टवेअर हेच गृहीत धरून बनवलेली असतात, आणि ब्राउझरमध्ये चालणारी तर जवळजवळ सगळीच.

दुसरी वाट सीरियल पोर्टची. यूएसबी केबल तीच, पण स्कॅनर आता कीबोर्ड असल्याचं सोंग टाकून कॉम पोर्ट असल्याचं सांगतो. आकडा त्या पोर्टवर जाऊन पडतो. एखादा प्रोग्रॅम तो पोर्ट उघडून ऐकत असेल तर त्याला मिळतो, नसेल तर कुठेच दिसत नाही. नोटपॅडमध्ये नाही, वर्डमध्ये नाही, बिलातही नाही. तुमचं लक्षण याच्याशी तंतोतंत जुळतं.

तिसरी एक वाट आहे, खास पॉइंट ऑफ सेल यंत्रणांसाठीची. तिच्यात कीही दाबली जात नाही आणि कॉम पोर्टही बनत नाही, त्या पद्धतीला ओळखणारं सॉफ्टवेअरच ती ऐकू शकतं. लक्षण आणि उपाय दोन्ही सीरियलसारखेच, म्हणून तिच्यावर वेगळं लिहीत नाही.

आता प्रश्न असा की कोणी काही केलं नाही तर मोड बदलला कसा? या स्कॅनरना बटणं नसतात, स्क्रीन नसते. त्यांची सेटिंग बहुधा बारकोड वाचूनच बदलतात. मॅन्युअलमध्ये पानोपानी असे बारकोड छापलेले असतात आणि त्यातला एखादा स्कॅन झाला की सेटिंग बदलून स्कॅनरच्या मेमरीत कायमचं बसतं. वीज गेली, केबल काढली तरी ते पुसलं जात नाही. म्हणून तुमच्या रीस्टार्टचा काही उपयोग झाला नाही. स्कॅनरच्या खोक्यात घडी घातलेला छोटा कागद येतो, त्यावर हेच बारकोड दाटीवाटीने असतात. नवीन माणसाने चालतो का बघू म्हणून त्या कागदावर ट्रिगर दाबला, किंवा दुसरीच काही अडचण सोडवायला कोणी सगळी सेटिंग मूळपदावर नेणारा फॅक्टरी डिफॉल्टचा कोड स्कॅन केला, की झालं. परवा काउंटरवर कोण होतं, कोणी तो कागद काढला होता का, एवढं विचारून बघा. रागवायचं म्हणून नाही, कारण कळलं तर पुढचं सोपं होतं.

तपासणी नोटपॅडपासून सुरू करा. बिलिंग सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा, छोटं करून ठेवू नका. नोटपॅड उघडा, आत एकदा क्लिक करा, कीबोर्डवर दोन अक्षरं दाबून ती उमटतात हे बघा आणि मग कुठल्याही वस्तूचा बारकोड स्कॅन करा. आकडा उमटला तर स्कॅनर कीबोर्ड मोडमध्येच आहे आणि गडबड सॉफ्टवेअरच्या बाजूला आहे. त्याबद्दल खाली लिहिलंय. बीप झाला आणि नोटपॅड कोरंच राहिलं, तर बिलिंग सॉफ्टवेअर या भानगडीतून सुटलं. ते पुन्हा इन्स्टॉल करण्यात वेळ घालवू नका.

पुढची पायरी विंडोजलाच विचारायची, की हा स्कॅनर तुला काय म्हणून दिसतो. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून Device Manager उघडा. खिडकी उघडी ठेवूनच स्कॅनरची केबल काढा, पाच सेकंद थांबा, पुन्हा लावा. काढताना यादीतली कोणती ओळ गेली आणि लावल्यावर कुठे परत आली, एवढंच बघायचं. असं काढून-लावून बघायचं कारण म्हणजे तुमचा नेहमीचा कीबोर्डही त्याच यादीत असतो, आणि काही माउसदेखील तिथे कीबोर्ड म्हणून एखादी ओळ धरून बसतात. नुसती यादी वाचून स्कॅनर कोणता ते कळत नाही.

ओळ Keyboards या गटात ये-जा करत असेल आणि तिथे HID Keyboard Device असं दिसत असेल, तर मोड कीबोर्डचा आहे. ओळ Ports (COM & LPT) या गटात आली आणि USB Serial Device (COM5) असं काही दिसलं, तर चोर सापडला: स्कॅनर सीरियल मोडमध्ये आहे. कंसातला आकडा तुमच्याकडे वेगळा असेल. विंडोज ७ मध्ये अशा वेळी ड्रायव्हर मिळाला नाही म्हणून पिवळं चिन्ह तरी दिसायचं. विंडोज १० पासून हा सीरियल ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो आणि आपोआप बसतो, त्यामुळे कुठेही चूक दाखवली जात नाही. सगळं आलबेल दिसतं आणि तरी काही टाइप होत नाही.

तिसरी शक्यता अशी की केबल काढली-लावली तरी यादी हललीच नाही आणि विंडोजचा जोडल्याचा आवाजही आला नाही. तसं असेल तर मोड विसरा, केबल किंवा तिचा जोड बघा. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. माहितीची एखादी तार आतून तुटली तरी वीज मिळत राहते. मग लाइट लागतो, वाचनही होतं, कित्येक मॉडेल बीपही देतात, फक्त कॉम्प्युटरला त्यांचा पत्ता नसतो. काउंटरवर केबल दिवसभर ओढली जाते आणि स्कॅनरच्या मुठीत शिरते तिथेच ती मरते. बऱ्याच स्कॅनरची केबल वेगळी मिळते. मुठीच्या तळाशी एक बारीक भोक असतं, त्यात पिन दाबली की जुनी सुटते. मात्र ती त्याच मॉडेलची घ्या, कारण दिसायला सारख्या प्लगमध्ये आतली जोडणी वेगळी असू शकते.

धरून चालू की तुमच्याकडे COM5 दिसला. मोड बदलण्याआधी मी एक खात्री नेहमी करतो, ती तुम्हीही करा. आकडा खरंच त्या पोर्टवर पडतोय का ते डोळ्यांनी बघायचं. स्टार्टमध्ये Windows PowerShell शोधून उघडा आणि या ओळी द्या, COM5 च्या जागी तुमचा आकडा घालून:

```
$p = New-Object System.IO.Ports.SerialPort COM5,9600
$p.DtrEnable = $true
$p.Open()
```

काही तक्रार न करता पुढची ओळ आली, तर पोर्ट उघडला. आता एक बारकोड स्कॅन करा, बीप होऊ द्या आणि मग हे द्या:

```
$p.ReadExisting()
$p.Close()
```

दुकानातच छापलेलं एखादं लेबल तुम्ही स्कॅन केलं आणि त्यावर 2000000000015 असेल, तर पडद्यावर तोच आकडा येईल. हा क्षण मला आवडतो, कारण इतका वेळ हवेत विरत असलेला आकडा समोर दिसतो आणि स्कॅनरच्या तब्येतीबद्दलची शंका तिथेच संपते. पोर्ट उघडतानाच Access to the port 'COM5' is denied असा मजकूर आला, तर दुसरा एखादा प्रोग्रॅम तो पोर्ट आधीच धरून बसलाय. कॉम पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. तो प्रोग्रॅम तुमचंच बिलिंग सॉफ्टवेअर निघालं, तर पुढचा परिच्छेद जास्त काळजीने वाचा.

मोड बदलण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न: माझं सॉफ्टवेअर कीबोर्डवाला स्कॅनर मागतं की पोर्टवाला? काही सॉफ्टवेअर मुद्दाम सीरियल पद्धत वापरतात. कर्सर ग्राहकाच्या नावावर असला तरी स्कॅन केलेली वस्तू थेट बिलात जाते, नावाच्या रकान्यात घुसत नाही, हा त्याचा खरा फायदा आहे. अशा सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये स्कॅनर किंवा हार्डवेअर या नावाखाली कॉम पोर्टचा नंबर भरलेला असतो. तिथे COM3 असेल आणि Device Manager मध्ये COM5 दिसत असेल, तर बिघाड तेवढाच. कोणी सफाई करताना स्कॅनर शेजारच्या यूएसबी भोकात लावला की विंडोज पुष्कळदा त्याला नवा नंबर देतं, आणि सॉफ्टवेअर जुन्याच नंबरवर कान लावून बसतं. आधीच्या भोकात परत लावा किंवा सॉफ्टवेअरमधला नंबर बदला. अशा ठिकाणी स्कॅनर कीबोर्ड मोडला नेलात, तर चालू व्यवस्था उलट मोडेल.

तुमच्या बाबतीत मात्र मला तसं वाटत नाही, पण नक्की करायचा सोपा मार्ग आहे. पूर्वी, स्कॅनर चालत होता तेव्हा, चुकून दुसरी खिडकी उघडी असताना आकडे तिच्यात उमटायचे का, हे आठवा. उमटत असतील तर तो कीबोर्ड मोडमध्येच होता. काउंटर दोन असतील तर आणखी सोपं: दुसरा, चालू असलेला स्कॅनर Device Manager मध्ये कुठल्या गटात दिसतो ते बघा आणि बंद असलेला त्याच गटात आणा.

आता प्रत्यक्ष बदल. स्कॅनरच्या मुठीखाली किंवा पोटावर लेबल असतं, त्यावरचा मॉडेल नंबर अक्षर न अक्षर टिपून घ्या. त्याच नंबरचं मॅन्युअल उत्पादकाच्या साइटवरून उतरवा. दुसऱ्या कंपनीच्या किंवा मिळत्याजुळत्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला बारकोड चालेल असं अजिबात धरू नका. सेटिंगच्या बारकोडांना सगळ्यांचं मिळून एक प्रमाण नाही. एका स्कॅनरला ज्याने कीबोर्ड मोड मिळतो, तो कोड दुसऱ्याला कळणार नाही किंवा त्याचा तिसराच अर्थ लागेल. इंटरनेटवर फिरणारी बारकोडची चित्रं स्कॅन करून एका स्कॅनरचे दोन बिघाड झालेले मी निस्तरले आहेत.

मॅन्युअलमध्ये इंटरफेसचं प्रकरण काढा. तिथे मोडची नावं कंपनीगणिक वेगळी असतात. USB Keyboard, USB HID, HID Keyboard, USB-KBW, Keyboard Wedge यातलं काही दिसलं तर ती कीबोर्डची वाट. USB COM, USB Serial, Virtual COM, VCP, CDC दिसलं तर सीरियलची. HID POS मध्ये HID हा शब्द आहे म्हणून फसू नका, ती तिसरी वाट आहे आणि तिने काही टाइप होत नाही.

पान कागदावर छापून घेतलेलं बरं. लेझरवाले स्कॅनर मोबाइलच्या किंवा कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा कोड बहुधा वाचत नाहीत. कॅमेऱ्यासारखा चित्र टिपणारा स्कॅनर वाचतो. छापताना आकार मूळचाच ठेवा, पानात बसवायला लहान करू नका. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एका पानावर पाच-सहा कोड असतात, तेव्हा हवा तो सोडून बाकीचे कागदाने झाका. स्कॅनरची रेघ रुंद असते, शेजारचा कोड तो सहज उचलतो. तुमचा मोड मुळात असाच बदलला असण्याची शक्यता आहे.

काही स्कॅनरमध्ये एकच कोड पुरतो. काहींत आधी सेटिंग सुरू करण्याचा, मग मोडचा आणि शेवटी सेटिंग संपवण्याचा, असे तीन कोड क्रमाने वाचावे लागतात. तिसरा राहिला की स्कॅनर सेटिंगच्याच अवस्थेत अडकून बसतो आणि वस्तूंचे बारकोड वाचायचं नाकारतो. सेटिंग बदलल्याचा बीप नेहमीच्या बीपपेक्षा वेगळा असतो, दोन-चार सुरांचा. तो ऐकू आला की लगेच विंडोजचा आधी सुटल्याचा आणि मग जोडल्याचा आवाज यायला हवा, कारण स्कॅनर पोर्ट म्हणून निघून जातो आणि कीबोर्ड म्हणून परत येतो. तसा आवाज आला नाही तर केबल काढून दहा सेकंदांनी लावा. Device Manager मध्ये ओळ Ports मधून नाहीशी होऊन Keyboards मध्ये आलेली दिसली की काम झालं. मग पुन्हा नोटपॅड, पुन्हा तेच लेबल.

इथे फॅक्टरी डिफॉल्टबद्दल सांगायलाच हवं, कारण फोनवर पहिला सल्ला तोच मिळतो. डिफॉल्ट केल्याने मोड कीबोर्डचाच होईल असं नाही. मूळ मोड कोणता हे मॉडेलवर अवलंबून असतं. आणि त्यासोबत स्कॅनर लावताना कोणीतरी विचार करून केलेली बाकीची सेटिंगही पुसली जातात. कोणते प्रकार वाचायचे, पुढचा शून्य ठेवायचा की नाही, शेवटी एंटर द्यायचा की नाही, सगळं मूळपदावर. एका काउंटरवर असंच झालं होतं. डिफॉल्ट केल्यावर आकडे उमटू लागले, सगळ्यांना हायसं वाटलं आणि पाच मिनिटांत नवी तक्रार आली की आकडा रकान्यात दिसतो, पण वस्तू बिलात जात नाही. नोटपॅडमध्ये तीन वस्तू स्कॅन केल्यावर तिन्ही आकडे एकाच ओळीत एकमेकांना चिकटून आले, कर्सर खाली उतरलाच नाही. म्हणजे आकड्यानंतरचा एंटर गेला होता. त्या मॉडेलमध्ये कारखान्यातून एंटर बंदच येतो, आणि पूर्वी कोणीतरी तो चालू केला होता. मॅन्युअलमधला एंटर सफिक्सचा कोड वाचल्यावर प्रत्येक आकडा स्वतःच्या ओळीवर येऊ लागला आणि बिलही चालू झालं. म्हणून मी आधी फक्त मोडचा कोड वापरतो. डिफॉल्ट हा शेवटचा उपाय, आणि तो केलाच तर पुढे एंटरचा कोड तयार ठेवून.

आता दुसरी बाजू: नोटपॅडमध्ये आकडा नीट येतो आणि फक्त बिलिंगमध्ये येत नाही. यात पहिलं कारण साधं असतं, कर्सर दुसरीकडे असतो. वस्तूच्या रकान्यात माउसने क्लिक करून स्कॅन करा आणि बघा. आपल्या मंडळींच्या कॉम्प्युटरवर दुसरं एक कारण सापडतं, ते बाहेरच्या मदतीत कोणी सांगत नाही. कीबोर्ड मोडमधला स्कॅनर अक्षर पाठवत नाही, कोणती की दाबली ते पाठवतो; त्या कीचं अक्षर काय हे विंडोजचा चालू कीबोर्ड लेआउट ठरवतो. ग्राहकाचं नाव मराठीत लिहून लेआउट देवनागरीवरच राहिला, तर काही लेआउटमध्ये 2000 च्या जागी २००० उमटतं. नोटपॅड ते निमूट दाखवतं. बिलिंगचा रकाना फक्त इंग्रजी अंक घेणारा असेल तर तो ते गिळून टाकतो आणि आपल्याला वाटतं की काहीच आलं नाही. त्यामुळे नोटपॅडमध्ये आकडा आला एवढ्यावर थांबू नका, तो कोणत्या लिपीत आला तेही बघा. टास्कबारवर भाषा इंग्रजी करून पुन्हा स्कॅन केलं की खुलासा होतो. विंडोजच्या टायपिंगच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवण्याचा पर्याय आहे, तो लावला तर हा त्रास बराच कमी होतो.

दूरच्या कॉम्प्युटरवर रिमोट डेस्कटॉपने बिल करत असाल तर आणखी एक. कीबोर्ड मोडचे आकडे आपोआप पलीकडे जातात, पण सीरियल मोडचे जात नाहीत. त्यासाठी जोडणी करताना Local Resources मध्ये पोर्ट पाठवण्याचा पर्याय निवडावा लागतो. दुसरं काही अडत नसेल तर अशा ठिकाणी कीबोर्ड मोडच सोपा.

तुमचा स्कॅनर वायरलेस असेल तर वरचं सगळं करण्याआधी एक शक्यता तपासा. पुष्कळ वायरलेस स्कॅनरमध्ये साठवण मोड असतो, मॅन्युअलमध्ये Storage Mode किंवा Inventory Mode नावाने. तो चालू असला की प्रत्येक स्कॅनला बीप होतो आणि आकडा स्कॅनरच्याच मेमरीत जमा होतो, कॉम्प्युटरकडे जात नाही. गोदामात माल मोजायला ही सोय उत्तम, काउंटरवर घातक. मॅन्युअलमधला डेटा अपलोडचा कोड नोटपॅड उघडं ठेवून वाचलात आणि परवापासूनचे सगळे आकडे धडाधड उतरले, तर कारण सापडलंच. नॉर्मल मोडचा कोड वाचा आणि साठलेलं पुसून टाका. हे अपलोड बिलिंगची खिडकी उघडी असताना करू नका, नाहीतर दोन दिवसांचा माल एकाच ग्राहकाच्या बिलात चढेल.

समजा मॅन्युअल मिळालंच नाही, कंपनीच बंद झालेली आहे आणि स्कॅनर COM5 वरून हलत नाही. तरीही तो वाया जात नाही. पोर्टवर आलेला आकडा उचलून कीबोर्डने दाबल्यासारखा टाइप करणारे छोटे प्रोग्रॅम मिळतात. चालतात नीट, पण कॉम्प्युटर सुरू होताना तेही सुरू व्हावे लागतात आणि पोर्टचा नंबर बदलला की थांबतात. रोजच्या गर्दीच्या काउंटरवर मी हा मार्ग दुसरं काही उरलं नाही तरच धरतो.

काम झालं की पंधरा मिनिटं आणखी द्या. तुमच्या मॉडेलचे दोनच कोड, कीबोर्ड मोडचा आणि एंटरचा, वेगवेगळ्या कागदांवर मोठ्या जागेत छापा, वर मॉडेल नंबर लिहा आणि खणात ठेवा. काउंटरवर चिकटवू नका, हात फिरला की स्कॅन होतात. मूळ मॅन्युअलचा दाटीवाटीचा कागद काउंटरपासून लांब, फाइलमध्ये घाला. काही मॉडेलमध्ये सेटिंगचे बारकोड वाचणंच बंद करण्याचा कोड असतो. तुमच्या मॅन्युअलमध्ये तो असेल तर सगळं तपासून झाल्यावर शेवटी तो वाचा. मात्र कुलूप उघडण्याचा कोडही त्याच वेळी छापून त्या दोन कागदांसोबत ठेवा, कारण तो जवळ नसेल तर पुढच्या वेळी ते दोन कोडही स्कॅनर वाचणार नाही.

Device Manager मध्ये ओळ कुठल्या गटात येते, नोटपॅडमध्ये काय उमटतं आणि लेबलवरचा मॉडेल नंबर काय, हे तिन्ही कळवलंत तर कोणता कोड वाचायचा ते नेमकं सांगता येईल.